वर्ग आणि तुकडी आधीच भरलेली गुगल फॉर्मची लिंक कशी बनवायची?

माझी मावशी एका माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी, नववी आणि दहावी, प्रत्येकाच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या, म्हणजे एकूण नऊ वर्ग. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांसाठी माहिती गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. तिने गुगल फॉर्म बनवला. त्यात इयत्ता, तुकडी, रोल नंबर, नाव, रक्तगट आणि पालकांचा मोबाइल नंबर असे सहा प्रश्न टाकले आणि एकच लिंक नऊही वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून दिली.

दोन-तीन दिवसांत चारशेच्या वर उत्तरं आली. पण शीट उघडून बघते तर इयत्तेच्या रकान्यात कुणी `8` लिहिलंय, कुणी `८`, कुणी `आठवी`, कुणी `8th`, कुणी `VIII`. काही पालकांनी इयत्तेतच `8 B` लिहून तुकडीच्या जागी नुसती रेघ मारली होती. शीट इयत्तेनुसार लावली की आठवीची मुलं पाच-सहा ठिकाणी विखुरलेली. हे हाताने नीट करता करता काही मुलांची तुकडी चुकली ती चुकलीच, आणि ओळखपत्रं तशीच छापून आली.

यंदा तिचा आधीच फोन आला. "अरे, मला पालकांना इयत्ता विचारायचीच नाहीये. आठवी ब च्या ग्रुपवर पाठवतेय म्हणजे मला माहितीच आहे ना ती आठवी ब आहे!"

अगदी बरोबर. जे आपल्याला आधीच माहीत आहे ते पालकांना टाइप करायला लावायचं कशाला? गुगल फॉर्ममध्ये यासाठी सोय आहे. प्रत्येक वर्गासाठी वेगळी लिंक बनवता येते, जी उघडल्यावर इयत्ता आणि तुकडी आधीच भरलेली दिसते. फॉर्म मात्र एकच राहतो आणि उत्तरंही एकाच शीटमध्ये येतात. मावशीचाच फॉर्म घेऊन हे कसं करायचं ते पाहू. शेवटी या पद्धतीत होणारी एक नवीन चूक आणि ती कशी पकडायची तेही पाहू, कारण ती चूक गुपचूप होते.

आधी प्रश्नाचा प्रकार बदला

इयत्ता आणि तुकडी हे दोन्ही प्रश्न "Short answer" प्रकारात असतील तर ते "Drop-down" करा. इयत्तेला `8`, `9`, `10` असे पर्याय द्या आणि तुकडीला `अ`, `ब`, `क`. दोन्ही प्रश्नांना "Required" चालू ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, लिंकमध्ये उत्तर आधीच भरणार आहोत, मग ड्रॉपडाउन कशाला? कारण आधीच भरलेलं उत्तर कुलूपबंद नसतं. फॉर्म उघडणारा माणूस ते बदलू शकतो. "Short answer" असेल तर बोट लागून `8` चं `88` होऊ शकतं, किंवा एखादे उत्साही पालक `8` पुढे `वी` जोडतात. ड्रॉपडाउनमध्ये बदल केला तरी तीनच पर्यायांपैकी एक निवडता येतो, त्यामुळे शीटमध्ये भलतंसलतं काही येत नाही.

आणखी एक गोष्ट याच वेळी ठरवून टाका. पर्यायांत अंक इंग्रजी की मराठी, अक्षरं `A` की `अ`? काहीही ठेवा, पण एकदा ठेवलं की बदलू नका. कॉम्प्युटरच्या दृष्टीने `8` आणि `८` ही दोन पूर्णपणे वेगळी चिन्हं आहेत. याचा परिणाम पुढे दिसेलच.

पहिली लिंक तयार करा

हे काम शक्यतो लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवर करा.

१. फॉर्म एडिट करतो त्या पानावर या. फॉर्म अजून प्रकाशित केला नसेल तर आधी "Publish" करा आणि उत्तरं देण्याची परवानगी "Anyone with the link" अशी आहे ना ते बघा. नाहीतर पालकांना फॉर्म उघडणारच नाही.

२. वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि "Pre-fill form" निवडा. जुन्या लेखांत किंवा व्हिडिओंत याचंच नाव "Get pre-filled link" असं दिसेल.

३. नवीन टॅबमध्ये तुमचाच फॉर्म उघडेल. इथे इयत्तेत `8` आणि तुकडीत `ब` निवडा. बाकीचे प्रश्न कोरे सोडा. ते "Required" असले तरी इथे भरायची गरज नाही.

४. खाली "Get link" बटण दाबा. मग कोपऱ्यात एक छोटी पट्टी येते, तिच्यातलं "Copy link" दाबा.

झाली लिंक तयार. इथे बरेच जण एक चूक करतात. "Copy link" न दाबता ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करतात. तो पत्ता फॉर्म बनवणाऱ्यासाठी असतो, पालकांसाठी नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पालकांना पाठवायच्या लिंकमध्ये `/d/e/` आणि `viewform` हे दोन्ही असतात.

लिंक वाचायला शिका

कॉपी केलेली लिंक नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. साधारण अशी दिसेल:

```
https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1045781291=8&entry.839337160=%E0%A4%AC
```

`FORM_ID` च्या जागी तुमच्या लिंकमध्ये अक्षरांची लांबलचक माळ असेल. `entry` पुढचे आकडेही तुमचे वेगळे असतील. मी उदाहरणासाठी घेतलेत.

प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग म्हणजे तुमच्या फॉर्मचा नेहमीचा पत्ता. प्रश्नचिन्हानंतर आपण भरलेली उत्तरं सुरू होतात. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला गुगलने एक नंबर दिलेला असतो. `entry.1045781291` हा आपला इयत्तेचा प्रश्न आणि `=8` हे त्याचं उत्तर. `&` म्हणजे "आणि". त्यानंतर तुकडीचा प्रश्न आणि त्याचं उत्तर.

पण तुकडीचं उत्तर तर `ब` होतं, मग हे `%E0%A4%AC` काय आहे? लिंकमध्ये देवनागरी अक्षर थेट न ठेवता असं कोडमध्ये लिहिलं जातं. `%E0%A4%AC` म्हणजेच `ब`. `अ` साठी `%E0%A4%85` आणि `क` साठी `%E0%A4%95`. हे पाठ करायची अजिबात गरज नाही. एवढं लक्षात ठेवा की लिंकमध्ये असं काही दिसलं तर लिंक बिघडलेली नाही.

यातून एक फायदा मिळतो. शेवटचं `AC` काढून `95` केलं की हीच लिंक आठवी क ची होते. `=8` चं `=9` केलं की नववीची. म्हणजे नऊ वर्गांसाठी "Pre-fill form" नऊ वेळा उघडायची गरज नाही.

नऊ लिंक एकदम बनवा

हाताने बदल करताना चूक होऊ शकते, म्हणून हे काम गुगल शीटवर सोपवू. नवीन शीट घ्या. A रकान्यात इयत्ता आणि B रकान्यात तुकडी लिहा, दुसऱ्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत नऊ वर्ग. C2 मध्ये हा फॉर्म्युला टाका:

```
="https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1045781291="&ENCODEURL(A2)&"&entry.839337160="&ENCODEURL(B2)
```

`FORM_ID` आणि `entry` चे दोन्ही नंबर तुमच्या पहिल्या लिंकमधून उचला. मग C2 चा कोपरा पकडून C10 पर्यंत खाली ओढा. नऊ लिंक तयार.

यात `ENCODEURL` महत्त्वाचं आहे. `ब` चं `%E0%A4%AC` करायचं काम तेच करतं. ते रिकाम्या जागेचंही `%20` करतं. समजा तुमचा पर्याय `ब सेमी` असा आहे आणि तुम्ही लिंकच्या शेवटी हातानेच `ब सेमी` टाइप केलं. व्हॉट्सॲप त्या रिकाम्या जागेपाशी लिंक संपली असं धरतं. मग निळ्या अक्षरांत फक्त `ब` पर्यंतचा भाग येतो आणि `सेमी` साध्या मजकुरासारखं बाहेर राहतं. पालक लिंक दाबतात, फॉर्म उघडतो, पण तुकडी कोरी.

पाठवण्याआधी तपासा

नऊही लिंक एकेक करून उघडा. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडलंत तर लॉगिन नसलेल्या पालकांना जसं दिसेल तसं तुम्हाला दिसेल. इयत्ता आणि तुकडी बरोबर येतेय का एवढंच बघायचं. नऊ लिंकना पाच मिनिटं पुरतात.

फॉर्म उघडला पण उत्तर कोरं आहे, असं झालं तर दोनच मुख्य शक्यता असतात.

पहिली म्हणजे लिंकमधलं उत्तर आणि फॉर्ममधला पर्याय तंतोतंत जुळत नाहीत. फॉर्ममध्ये `8` आहे आणि शीटमध्ये `८` लिहिलंय, किंवा पर्यायात `ब` आहे आणि लिंकमध्ये `B`. गुगल अंदाज बांधत नाही. जुळलं तर भरतो, नाहीतर गप्प बसतो, चूक झाली असं सांगतही नाही.

दुसरी म्हणजे प्रश्नाचा नंबर बदलला. लिंक बनवल्यावर तुम्ही तुकडीचा प्रश्न डिलीट करून नव्याने लिहिला, तर मजकूर तोच असला तरी नवीन प्रश्नाला नवीन `entry` नंबर मिळतो. जुनी लिंक जुनाच नंबर शोधत राहते. प्रश्नाच्या मजकुरात दुरुस्ती करायला हरकत नाही, तो वरखाली हलवला तरी चालेल, पण डिलीट करू नका. म्हणूनच फॉर्म पूर्ण पक्का झाल्यावरच लिंक बनवा. लिंक ग्रुपवर गेल्यावर `ब` चं `ब (सेमी)` केलंत, तर `ब` तुकडीच्या पाठवलेल्या सगळ्या लिंकमधलं तुकडीचं उत्तर उडालं म्हणून समजा.

एका घरात दोन मुलं

मावशीच्या शाळेत हे बऱ्याच घरांत आहे. मोबाइल एक, मुलं दोन. एक आठवीत, एक दहावीत. यासाठी दोन गोष्टी सांभाळा.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये "Limit to 1 response" बंद ठेवा. ते चालू असेल तर गुगलचं लॉगिन लागतं आणि त्या खात्यावरून दुसऱ्या मुलाचा फॉर्म भरता येत नाही.

फॉर्म पाठवल्यावर "Submit another response" अशी ओळ दिसते. तिच्यावरून दुसरा फॉर्म भरला तर आपली आधी भरलेली उत्तरं त्यात येत नाहीत, कोरा फॉर्म येतो. सेटिंगमध्ये "Presentation" खाली ही ओळ बंद करता येते. ती बंद करा आणि दुसऱ्या मुलासाठी त्याच्या वर्गाच्या ग्रुपवरची लिंक वापरायला सांगा.

आता ती नवीन चूक

मावशीने लिंक पाठवल्या. यावेळी शीट एकदम स्वच्छ आली. इयत्तेत फक्त `8`, `9`, `10` आणि तुकडीत फक्त `अ`, `ब`, `क`. ती खूश झाली. मी म्हटलं, "मावशी, थांब. आधी पट दे."

आठवी ब चा पट ५२, फॉर्म आले ५३. आठवी क चा पट ४९, फॉर्म आले ४८. एकूण बेरीज बरोबर, पण एक मूल इकडचं तिकडे गेलेलं. झालं असं की, आठवी ब च्या एका आईने लिंक आपल्या जावेला फॉरवर्ड केली. जावेचा मुलगा आठवी क मध्ये. तिने लिंक उघडली, वरचे दोन प्रश्न भरलेलेच होते म्हणून त्यांकडे बघितलं नाही, आणि रोल नंबरपासून पुढे भरून पाठवून दिलं. तो मुलगा कागदावर आठवी ब मध्ये गेला.

म्हणून म्हटलं की ही चूक गुपचूप होते. गेल्या वर्षी `VIII B` दिसलं की चूक डोळ्यांत भरत होती. आता चुकीचं उत्तरसुद्धा नीटनेटकं दिसतं. आधी भरलेल्या उत्तरातून एवढंच कळतं की फॉर्म कोणत्या लिंकवरून आला. मूल कोणत्या वर्गातलं आहे याचा तो पुरावा नाही.

ती पकडायचे तीन मार्ग आहेत. तिन्ही करा, कारण एकातून सुटलेली चूक दुसऱ्यात सापडते.

पहिला, पट जुळवा. वर्गवार आकडा काढायला उत्तरांच्या शीटमध्ये नवीन टॅब घेऊन असा फॉर्म्युला टाकता येईल. टॅबचं नाव तुमच्या शीटमध्ये जसं असेल तसं लिहा. इथे B मध्ये इयत्ता आणि C मध्ये तुकडी आहे:

```
=COUNTIFS('Form Responses 1'!B:B,8,'Form Responses 1'!C:C,"ब")
```

पण फक्त आकड्यावर विसंबू नका. आठवी ब मधल्या एकाने फॉर्म भरलाच नाही आणि बाहेरचा एक आत आला, तर आकडा बरोबर ५२ च येईल.

म्हणून दुसरा मार्ग, एकाच वर्गात एकच रोल नंबर दोनदा आलाय का ते बघा. सगळे फॉर्म आल्यावर उत्तरांच्या टॅबमध्ये शेजारच्या रिकाम्या रकान्यात, दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खाली ओढा. D मध्ये रोल नंबर आहे:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

जिथे `1` पेक्षा मोठा आकडा येईल तिथे थांबायचं. आम्हाला आठवी ब मध्ये रोल नंबर १७ दोनदा मिळाला, दोन वेगळ्या नावांनी. आमचा हरवलेला मुलगा तोच निघाला. पण ज्या मुलाने फॉर्म भरलाच नाही नेमका त्याचाच रोल नंबर बाहेरच्या मुलाचाही असेल, तर ही तपासणीही फसते. शिवाय पालकांनी घाईत फॉर्म दोनदा पाठवला असेल तरी इथे `2` दिसेल. नाव एकच असेल तर त्यातलं जुनं उत्तर काढून टाका.

तिसरा मार्ग जुनाच आहे. वर्गशिक्षकांनी आपल्या वर्गाची यादी हजेरीपटाशी ताडून सही करायची. बावन्न नावांना दहा मिनिटं लागतात. ओळखपत्र छापायला जाणार असेल तर ही दहा मिनिटं वाचवू नका.

चूक कमी व्हावी म्हणून लिंकसोबत एक ओळ आवर्जून लिहा: "ही लिंक फक्त आठवी ब साठी आहे. दुसऱ्या वर्गातल्या पालकांना पाठवू नका." आणि फॉर्ममध्ये तुकडीच्या प्रश्नाखाली वर्णनात "वरची इयत्ता आणि तुकडी तुमच्या पाल्याचीच आहे ना, तपासा" असं टाका. ते चुकीचं दिसलं तर पालक तिथेच बदलू शकतात, आणि इथे कुलूप नसल्याचा उलट फायदाच होतो.

लिंकमध्ये काय भरू नये

हे जमल्यावर मावशीला पुढचं सुचलं. "मग प्रत्येक मुलाची वेगळी लिंक बनवू का? नाव आणि मोबाइल नंबरसुद्धा आधीच भरून?" शीटमधून चारशे लिंक बनवणं अवघड नाही. पण मी नको म्हटलं. लिंकमध्ये भरलेलं सगळं लिंकमध्येच उघडं लिहिलेलं असतं. ज्याच्याकडे ती लिंक पोहोचेल त्याला ते वाचता येतं. इयत्ता आणि तुकडी फॉरवर्ड झाली तर फार बिघडत नाही. मुलाचं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर फॉरवर्ड होणं वेगळं. म्हणून सगळ्या वर्गाला सारखंच लागू होतं तेवढंच लिंकमध्ये ठेवा आणि ज्याचं त्याचं ज्याला त्याला भरू द्या.

त्याच कारणाने, परीक्षेसाठी किंवा जिथे तुकडी बदलता येताच कामा नये अशा कामासाठी ही पद्धत पुरत नाही. तिथे फॉर्मच्या प्रती काढून प्रत्येक तुकडीला वेगळा फॉर्म द्या आणि त्यात तुकडीचा प्रश्नच ठेवू नका.

आठवी क चा तो मुलगा मावशीने शीटमध्ये `ब` चं `क` करून जागेवर आणला आणि यादी छपाईला गेली. नऊ लिंकची ती शीट तिने जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी नवीन फॉर्म करेल तेव्हा त्यातला `FORM_ID` आणि `entry` चे दोन नंबर नवीन लिंकमधून घ्यायचे, बाकी सगळं तसंच.